वृत्तछायाचित्र : चौकट व वास्तव
वृत्तछायाचित्रात दिसते ते खरे असूनही त्यावरून होणारा बोध चुकीचा असू शकतो. ९ एप्रिल २००३ रोजी बगदादच्या फिरदौस चौकात सद्दाम हुसेन यांचा पुतळा पाडण्यात आला. जवळून टिपलेल्या किंवा कडा कापलेल्या चित्रांत चौकट माणसांनी भरून जाते व अफाट जनसमुदायाचा भास होतो. उंचावरून घेतलेल्या विस्तृत चित्रांत मात्र पुतळ्याभोवती लहानसा जमाव, अमेरिकन रणगाडे आणि बराचसा रिकामा चौक आढळतो. चित्राखाली ‘इराकी जनतेने पुतळा पाडला’ एवढीच ओळ दिल्यास तो अखेर अमेरिकन मरीन सैनिकांनी साखळी लावून चिलखती वाहनाने ओढला, ही गोष्ट वगळली जाते. जमलेल्यांचा आनंद त्यामुळे खोटा ठरत नाही. पण माणसे चौकटीच्या चारही कडांना भिडलेली असतील, तर कडांपलीकडील गर्दीचे अनुमान त्या चित्रावरून करता येत नाही.