जोखमीच्या गुंतवणुकीचा इष्टतम वाटा

एकूण संपत्तीपैकी किती भाग जोखमीच्या गुंतवणूक-संचात ठेवावा, हे ठरवणारे प्रमाण. उरलेला भाग निर्जोखीम रोख्यांत राहतो. हा वाटा बदलत गेल्यास अपेक्षित परतावा आणि प्रमाण विचलन यांच्या जोड्या एका सरळ रेषेवर येतात. तिला भांडवल वाटप रेषा म्हणतात. गुंतवणूकदाराचा समाधान-वक्र या रेषेला जिथे स्पर्श करतो, तिथे इष्टतम वाटा मिळतो :

y* = (E(r) − r_f) / (Aσ²)

यात A हा जोखीम-विमुखतेचा गुणांक होय. समजा, निर्जोखीम दर ६%, संचाचा अपेक्षित परतावा १२% आणि प्रमाण विचलन २०% आहे. A = ३ असल्यास y* = ०.०६ / (३ × ०.०४) = ०.५. म्हणजे १० लाख रुपयांपैकी ५ लाख संचात जातील. एकत्रित अपेक्षित परतावा ९% आणि प्रमाण विचलन १०% होईल.

A = १.२ असल्यास वाटा १.२५ येतो, म्हणजे कर्ज काढावे लागते. मात्र कर्जाचा दर ९% असेल, तर त्या दराने वाटा ०.६२५ म्हणजे १ पेक्षा कमी येतो. म्हणून कर्ज न काढता सर्व संपत्ती संचात ठेवणे इष्टतम ठरते. अपेक्षित परताव्याच्या अंदाजातील लहान चूकही उत्तर बरेच बदलते : १२ ऐवजी १०% धरल्यास पहिल्या उदाहरणातील वाटा एक-तृतीयांशावर येतो.