पाठपुराव्याची मेलमाला

अनोळखी किंवा जुजबी ओळखीच्या व्यक्तीला कामानिमित्त पाठवलेल्या ईमेलला उत्तर आले नाही, तर त्याच कामासाठी काही अंतराने पाठवायच्या पुढच्या मेलचा आधी ठरवलेला क्रम. कार्यालयीन बोलीत त्याला ‘फॉलो-अप’ म्हणतात. नोकरी शोधणारे, संपादकांना लेख सुचवणारे, संशोधनासाठी प्राध्यापकांना लिहिणारे असे अनेक जण तो वापरतात. लहान उत्पादक मोठ्या खरेदीदाराला लिहितो तेव्हा हा क्रम सर्वांत जास्त लागतो. म्हणून या नोंदीत तोच प्रसंग घेतला आहे.

उत्तर न येणे म्हणजे नकार, असे धरून चालत नाही. मेल पोचला नसेल, स्पॅममध्ये पडला असेल, चुकीच्या माणसाकडे गेला असेल, किंवा वाचला गेला असेल पण उत्तर देण्यासाठी कोणाला तरी विचारावे लागणार असेल. यांतली पहिली शक्यता तपासता येते. `550 5.1.1` असा संदेश परत आला, तर तो पत्ता अस्तित्वात नाही. तिथे पुन्हा पाठवू नये, नवा पत्ता शोधावा. चाराने सुरू होणारा संकेतांक आला तर अडचण तात्पुरती असते आणि सर्व्हर स्वतःच पुन्हा प्रयत्न करतो. ‘रजेवर आहे’ असे आपोआप उत्तर आले, तर त्यातली परतण्याची तारीख टिपून ठेवावी आणि त्यानंतर दोन दिवसांनी लिहावे, कारण परतल्याच्या दिवशी इनबॉक्स तुंबलेला असतो.

मेल उघडला गेला की नाही हे सांगणाऱ्या साधनांवर मात्र विसंबू नये. ही साधने मेलमध्ये दडवलेले एक बारीकसे चित्र कधी उतरवले गेले ते पाहतात. ॲपलने सप्टेंबर २०२१ मध्ये आणलेल्या खासगीपणाच्या सोयीमुळे ही चित्रे वाचकाने मेल उघडण्याआधीच ॲपलच्या सर्व्हरवर उतरवली जातात. त्यामुळे ‘उघडला’ या नोंदीचा अर्थ वाचला असा होत नाही. ‘आपण काल माझा मेल पाहिलात’ असे लिहिणे तर सरळ पाळत ठेवल्यासारखे वाटते. ते कधीही लिहू नये.

तगादा वाटतो तो मेलच्या संख्येपेक्षा तीच मागणी त्याच शब्दांत परत केल्यामुळे. ‘जेंटल रिमाइंडर’, ‘तिसऱ्यांदा लिहीत आहे’, ‘अद्याप आपले उत्तर नाही’ या वाक्यांतून समोरच्याला फक्त आपल्या थकबाकीची आठवण होते, आणि त्याने तर काहीच मागितलेले नसते. म्हणून प्रत्येक पुढच्या मेलने त्याचे थोडे काम कमी करावे: एखादी नवी उपयोगी माहिती द्यावी किंवा प्रश्न आणखी सोपा करावा. या दोहोंपैकी काहीच हाताशी नसेल, तर तो मेल पाठवू नये.

समजा, तासगावचा एक बेदाणा उत्पादक पुण्यातल्या एका मोठ्या बेकरीच्या खरेदी अधिकाऱ्याला लिहीत आहे. नवा बेदाणा साधारण एप्रिलपर्यंत तयार होऊन शीतगृहात गेलेला असतो. दिवाळी आणि नाताळची खरेदी पुढे असते. पहिला मेल ऑगस्टच्या पहिल्या मंगळवारी जातो. त्यात पाच-सहा ओळी आणि एकच प्रश्न असतो: ‘केकसाठी लागणाऱ्या बेदाण्याचा एक किलोचा नमुना पाठवू का?’ इथेच अर्ध्या तासाची भेट मागितली, तर पुढचे सगळे मेल जड होतात, कारण सुरुवातीलाच मोठी मागणी झालेली असते.

दुसरा मेल पुढच्या सोमवारी, चार कामाचे दिवस गेल्यावर जातो. तो आपल्याच पहिल्या मेलला ‘रिप्लाय’ करून लिहावा. त्यामुळे `In-Reply-To` या शीर्षातून दोन्ही मेल जोडले जातात आणि आधीचा मजकूर खाली राहतो. मजकूर एवढाच: ‘आधीचा मेल खाली आहे. ओलाव्याचा प्रयोगशाळेचा अहवाल सोबत जोडला आहे. खरेदी आपल्याकडे नसेल, तर कोणाला लिहावे एवढे कळवले तरी पुरे.’ हे शेवटचे वाक्य फार कामाचे आहे. चुकीच्या माणसाकडे मेल गेला असेल, तर त्यालाही सुटकेचा मार्ग मिळतो.

तिसरा मेल त्यानंतर दहा दिवसांनी जातो. आता उत्तर एका शब्दाचे करावे: ‘दिवाळीआधी, दिवाळीनंतर की नको, एवढाच शब्द पाठवला तरी चालेल.’ सोबत शीतगृहात किती माल शिल्लक आहे ते खरे सांगावे. ‘शेवटची संधी’ असा खोटा दबाव आणला, तर खरेदीदाराला तो लगेच कळतो. बाजारभाव तो रोज पाहत असतो.

चौथा आणि शेवटचा मेल आणखी तीन आठवड्यांनी जातो. गणपतीचे दिवस मध्ये आले तर विसर्जन होऊन जाऊ द्यावे. ‘या हंगामापुरते मी पुन्हा लिहिणार नाही. नवा बेदाणा तयार झाल्यावर एप्रिलमध्ये एकदा कळवीन. तेही नको असेल तर जरूर सांगा.’ यात नाराजीचा सूर नसावा, आणि दिलेला शब्द पाळावा. अंतर असे वाढत जाते तेव्हा वाचणाऱ्याला मागे लागल्यासारखे वाटत नाही. प्राध्यापक किंवा पत्रकार यांना मात्र एकच पाठपुरावा पुरे.

हा क्रम सॉफ्टवेअरवर सोपवला की एक चूक वारंवार होते. उत्तर दुसऱ्याच पत्त्यावरून, म्हणजे खरेदी अधिकाऱ्याच्या सहकाऱ्याकडून येते. सॉफ्टवेअरला ते ओळखता येत नाही आणि ‘आपण उत्तर दिले नाही’ असा मेल मूळ व्यक्तीला जातो. उत्तर जुळवताना पूर्ण पत्ता न पाहता त्या कंपनीचे डोमेन पाहावे, आणि फोनवर बोलणे झाले असेल तर क्रम हाताने थांबवावा.

काही मर्यादा कायद्याने घातलेल्या आहेत. अमेरिकेच्या २००३ च्या कॅन-स्पॅम कायद्यानुसार व्यापारी मेलमध्ये पाठवणाऱ्याचा टपाली पत्ता आणि ‘नको’ म्हणण्याची सोय असावी लागते, आणि तसे कळवल्यावर १० कामाच्या दिवसांत मेल थांबवावे लागतात. विषयओळ फसवी नसावी, म्हणून आधी पत्रव्यवहार झालेला नसताना तिच्यापुढे `Re:` लावणे चूक आहे. जर्मनीत पूर्वसंमतीशिवाय जाहिरातीचा मेल कंपनीलाही पाठवता येत नाही. तिथला पहिलाच मेल नियमभंग ठरतो आणि पाठपुराव्याने तो वाढतो. तिथल्या खरेदीदाराशी व्यापारी प्रदर्शनात भेटून संमती घ्यावी.

फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्यांसाठी स्पॅम तक्रारींचे प्रमाण ०.३ टक्क्यांच्या आत ठेवण्याची अट घातली आहे. प्रमाण वाढले की सगळ्या डोमेनची पत घसरते आणि जुन्या गिऱ्हाइकांना पाठवलेली बिलेही स्पॅममध्ये जाऊ लागतात. चौथ्या मेलनंतर ते नाव यादीतून काढावे आणि वहीत फक्त पुढच्या एप्रिलची तारीख टिपून ठेवावी.