गाईचे तूप, म्हशीचे तूप आणि सरकीची ढेप

धावडा हे भोकरदन तालुक्यातले, अजिंठ्याच्या डोंगररांगेजवळचे गाव. हा मुलूख कापसाचा. शिवारात कापूस, म्हणून गोठ्यात सरकीची ढेप. आणि गोठ्यात गाय-म्हैस, म्हणून घरात दुभत्याची राबणूक. अशा गावात "गाईचे तूप हलके, म्हशीचे जड" हे वाक्य लहानपणीच कानावर पडते. तान्ह्या बाळाला कोणते द्यावे, आजाऱ्याला कोणते चालेल, पुरणपोळीवर कोणते शोभते, याचे निर्णय या एका वाक्यावर होतात. तुपाच्या शास्त्रात शिरणाऱ्या वाचकाला पहिले पाऊल टाकायला याहून चांगली जागा सापडणार नाही. वाक्य ओळखीचे आहे, त्यात थोडे खरे आहे, आणि जे खरे नाही ते कुठून आले हे शोधता येते.

सुरुवातीलाच एक भेद मनाशी पक्का करावा. आपण तुपाविषयी जे बोलतो त्यातले बरेचसे मुळात दुधाविषयीचे असते. म्हशीच्या दुधात स्निग्धांश साधारण 7 टक्के, गाईच्या दुधात 4 टक्के. म्हशीच्या दुधातले स्निग्ध कण आकाराने सरासरी मोठे, प्रथिनेही जास्त, म्हणून साय जाड येते आणि दही घट्ट लागते. हे दूध पोटाला भारी वाटते, यात नवल नाही. मात्र त्या दुधाचे तूप होईपर्यंत यातले जवळजवळ सगळे मागे राहते. ताक घुसळताना कणांभोवतीचे पातळ आवरण फाटते आणि स्निग्धांश एकत्र येऊन लोण्याचा गोळा तयार होतो. लोणी कढवताना उरलेसुरले पाणी उडते, प्रथिने बेरी होऊन तळाशी बसतात. गाळून बरणीत येते ते नियमाप्रमाणे किमान 99.5 टक्के स्निग्ध, मग जनावर कोणतेही असो. तेव्हा "म्हशीच्या तुपात फॅट जास्त" हे विधान तुपाला लागूच होत नाही. कणांचा आकार हाही मुद्दा तुपात उरत नाही, कारण कणच उरलेले नसतात.

हा फरक दिसतो तो भांड्यात आणि हिशेबात. दहा लिटर दूध म्हणजे सुमारे 10.3 किलो. 7 टक्क्यांच्या म्हशीच्या दुधात त्यातून 720 ग्रॅम स्निग्धांश मिळू शकतो, 4 टक्क्यांच्या गाईच्या दुधात 410 ग्रॅम. विरजण, रवी आणि चूल या घरगुती रीतीत काही अंश ताकात जातो, काही बेरीत अडकतो. शंभरातले पंच्याऐंशी हाती आले असे धरले, तर म्हशीच्या दुधाचे तूप 610 ग्रॅमच्या आसपास आणि गाईच्या दुधाचे 350 ग्रॅम निघते. उलट मोजले, तर एक किलो तुपाला म्हशीचे साडेसोळा लिटर दूध पुरते, गाईचे साडेअठ्ठावीस लिटर लागते. गाईचे तूप महाग असण्यामागचे मोठे कारण या दोन आकड्यांत आहे. भाव चढा असला की वस्तू गुणानेही चढी असणार असे आपण गृहीत धरतो. इथे चढ्या भावामागे जास्तीचे दूध आहे.

आता रंग. दोन तुपांत डोळ्यांना ताबडतोब दिसणारा फरक हाच, आणि तो खरा आहे. हिरव्या चाऱ्यातले कॅरोटीन हे पिवळे द्रव्य गाईच्या शरीरात काही प्रमाणात तसेच राहते आणि दुधाच्या स्निग्धांशात उतरते. म्हैस जवळजवळ सगळ्या कॅरोटीनचे अ जीवनसत्त्व करून टाकते. ते जीवनसत्त्व रंगहीन असते, म्हणून तिचे तूप पांढरे, कधी किंचित हिरवट झाक असलेले. म्हणजे पांढऱ्या तुपात अ जीवनसत्त्व नाही असा अर्थ काढणे चूक ठरेल. गाईच्या तुपात ते थोडे तयार आणि थोडे कॅरोटीनच्या रूपात असते, म्हशीच्या तुपात तयार स्वरूपात असते.

हा पिवळेपणा चाऱ्याबरोबर बदलतो. पावसाळ्यात बांधावरचे हिरवे गवत मिळाले की गाईचे तूप गडद होते, उन्हाळ्यात नुसत्या कडब्यावर ते फिके पडते. म्हणून मे महिन्यातले फिकट तूप पाहून त्यात म्हशीचे मिसळले असा आरोप करू नये, आणि बारमाही गडद पिवळे तूप पाहून भाळूही नये. रंग बाहेरून घालता येतो. शिवाय कढवणीचाही रंग असतो. लोण्यातले पाणी उडत असते तोवर पातेल्यातली उष्णता शंभर अंशांच्या जवळपास रेंगाळते. मग तडतड थांबते, मोठे बुडबुडे जाऊन बारीक फेस वर येतो, तळची बेरी बदामी होते. त्या क्षणी उतरवले तर तूप स्वच्छ राहते. मिनिटभर उशीर झाला की बेरी करपते, तुपाला तपकिरी छटा आणि जळका वास येतो. हा रंग जनावराचा नव्हे, चुलीचा.

रव्याचेही तसेच. म्हशीच्या तुपाचा रवा मोठा, गाईचा बारीक, ही सर्वसाधारण समजूत बरोबर आहे, कारण म्हशीच्या तुपात उशिरा वितळणाऱ्या स्निग्धांचे प्रमाण अधिक असते. पण तेच तूप सावकाश निवले तर रवा मोठा धरतो आणि फ्रिजमध्ये झटकन गोठवले तर लोण्यासारखे एकजीव बसते. एकाच पातेल्यातले तूप दोन बरण्यांत भरून हे कोणालाही पाहता येईल.

धावड्यासारख्या गावाने या अभ्यासाला दिलेला खरा धडा मात्र गोठ्यातल्या ढेपेचा आहे. तुपाची शुद्धता तपासण्याची जुनी मोजणी रायकर्ट-माइसल अंक या नावाने ओळखली जाते. पाच ग्रॅम तूप अल्कलीत उकळून त्यातली आम्ले सुटी करतात, आम्लांपैकी वाफेबरोबर उडणारी आणि पाण्यात विरघळणारी वेगळी काढतात, आणि ती किती आहेत ते मोजतात. ही छोटी आम्ले, त्यांतही ब्युटिरिक आम्ल, ही दुधाच्या स्निग्धाची खूण. वनस्पती तेलांत ती नसतात, म्हणून भेसळ केली की अंक घसरतो. चांगल्या तुपात तो 28 किंवा त्याहून जास्त येतो, आणि म्हशीच्या तुपात बहुधा गाईच्या तुपापेक्षा वरचढ असतो.

पण कापूसपट्ट्यात एक अडचण उभी राहिली. जिथे जनावरांना सरकी किंवा तिची ढेप भरपूर घालतात, तिथले निर्भेळ तूपही या परीक्षेत कमी पडू लागले. सरकीतली लांब साखळीची स्निग्ध आम्ले दुधात उतरतात आणि छोट्या आम्लांचा वाटा घटतो. सरकीतील काही विशिष्ट आम्लांमुळे जनावराच्या शरीरात स्टिअरिकपासून ओलेइक आम्ल बनण्याची क्रिया मंदावते, म्हणून तूप कडक होते आणि उशिरा वितळते. सरकीचे तेल ओळखण्याची हॅल्फेन नावाची रंगपरीक्षाही अशा तुपात होकार देऊ शकते, तेलाचा थेंबही न घालता. म्हणूनच पूर्वीच्या अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांत कापूसपट्ट्याच्या तुपासाठी वेगळी नोंद होती आणि तिथे हा अंक 21 पर्यंत खाली आला तरी चालत असे. दुसरीकडे, वनस्पती तुपात तिळाचे तेल घालणे कायद्याने बंधनकारक केलेले होते, म्हणून ते तेल दाखवणारी बोडविन परीक्षा ढेपेच्या गोंधळापासून सुटी राहिली.

याचा आपल्या प्रश्नाशी थेट संबंध आहे. ढेप खाणाऱ्या गाईचे तूप आणि हिरव्या चाऱ्यावरच्या म्हशीचे तूप शेजारी ठेवले, तर कडकपणात आणि आम्लांच्या घडणीत जो फरक सापडेल, तो गाय-म्हैस या नावाखाली लिहिला तर चुकीचा लिहिला जाईल. जात, चारा, ऋतू आणि कढवणे या चार गोष्टी वेगळ्या केल्याशिवाय तुपांची तुलना पुरी होत नाही. या क्षेत्रातला कोणताही निबंध हाती घ्याल तेव्हा जनावरांना काय खायला दिले होते, हे आधी शोधा.

राहिला पचनाचा प्रश्न. दोन्ही तुपे मुख्यतः शरीराच्या उष्णतेच्या आसपास वितळणारी आहेत. पोटात गेल्यावर ती पित्ताच्या मदतीने पुन्हा सूक्ष्म थेंबांत फुटतात आणि स्वादुपिंडातील विकर त्यांचे तुकडे करते. छोटी आम्ले थेट यकृताकडे जातात, लांब आम्ले लसिकेच्या वाटेने रक्तात येतात. निरोगी माणूस दोन्ही तुपांचा बहुतांश भाग शोषून घेतो. म्हशीच्या तुपात उशिरा वितळणारा भाग थोडा अधिक, पण ब्युटिरिक आम्लही थोडे अधिक. कोलेस्टेरॉल गाईच्या तुपापेक्षा किंचित कमी. उष्मांक सारखेच, एका ग्रॅमला नऊ. या बारीक फरकांतून "एक हलके, एक जड" असा स्पष्ट निकाल निघत नाही. पोट जड होते ते बहुधा तूप किती घातले आणि कशावर घातले यामुळे. स्निग्ध पदार्थ जास्त झाला की जठर रिकामे व्हायला वेळ लागतो, तो कोणत्याही तुपाने लागतो.

मग परंपरेचे काय करायचे? चरकसंहितेच्या सूत्रस्थानात म्हशीचे दूध गाईच्या दुधापेक्षा जड सांगितले आहे आणि झोप न येणाऱ्याला, तसेच भूक अतिशय प्रखर असणाऱ्याला ते हितकर मानले आहे. दुधाविषयीचे हे निरीक्षण आजच्या मोजमापांशी जुळते. भावप्रकाशात म्हशीच्या तुपालाही जड म्हटले आहे. तिथे जडपणा हा गुण आयुर्वेदाच्या स्वतःच्या चौकटीतला आहे. त्याचा अर्थ स्निग्धांशाची टक्केवारी किंवा शोषणाचे प्रमाण असा लावून दोन शास्त्रांना एकमेकांचे साक्षीदार बनवणे दोघांवरही अन्याय आहे.

अलीकडे बाजारात ए-टू तुपाची बरणी आली आहे. ए-वन आणि ए-टू हे दुधातल्या बीटा-केसीन या प्रथिनाचे प्रकार आहेत. तुपात प्रथिन जवळजवळ नसतेच, तेव्हा तुपाच्या बाबतीत हा शब्द काही सांगत नाही. शिवाय म्हशीचे केसीनही ए-टू प्रकारचेच असते. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑगस्ट 2024 मध्ये असे दावे वेष्टनावरून काढण्याची सूचना दिली आणि काही दिवसांतच ती मागे घेतली. म्हणून या बाबतीत शहाणपण ग्राहकानेच राखायचे आहे.

या विषयात येणाऱ्याने पुस्तकासोबत गोठाही वाचावा. एकाच घरची एक गाय आणि एक म्हैस महिनाभर एकाच चाऱ्यावर ठेवा, दोघींचे दूध एकाच रीतीने विरजा, एकाच आचेवर कढवा. मग पुढचा महिना ढेपेचे प्रमाण बदला आणि तेच पुन्हा करा. प्रत्येक नमुन्याचा रंग, रवा आणि वितळण्याची वेळ लिहून ठेवा. प्रयोगशाळा जवळ असेल तर आम्लांचा अंकही काढून घ्या. पहिल्या महिन्यात दिसलेला फरक जनावराचा आणि दुसऱ्या महिन्यात बदललेला ढेपेचा, हे त्या नोंदीच वेगळे करून दाखवतील. पुढची प्रकरणे अशाच नोंदींच्या आधाराने वाचायची आहेत.