रॉजरचे पाय आणि वेत्झलरचं चर्च

'हू फ्रेम्ड रॉजर रॅबिट' हा सिनेमा १९८८ साली आला. त्याआधीही जिवंत नट आणि कार्टून एका चौकटीत दिसले होते, पण अशा दृश्यांत कॅमेरा बहुतेक वेळा एका जागी खिळवून ठेवत. कॅमेरा हलला की मागची जमीन, भिंती, टेबलं फ्रेमगणिक सरकतात. चित्र त्याच मापाने सरकलं नाही, तर ते जमिनीवर उभं न राहता तिच्यावरून घसरत चाललेलं दिसतं.

दिग्दर्शक रॉबर्ट झेमेकिस आणि अ‍ॅनिमेशनची बाजू सांभाळणारे रिचर्ड विल्यम्स यांनी कॅमेरा मोकळा सोडला. चित्रीकरण झाल्यावर एकेका फ्रेमचे मोठे फोटो काढले, त्यावर कागद ठेवून रॉजर रेखाटला. सिनेमात सेकंदाला २४ फ्रेम असतात. अ‍ॅनिमेटर एरवी एक चित्र दोन फ्रेम चालवतात, म्हणजे सेकंदाला १२ चित्रं पुरतात. इथे ती पुरेनात, कारण दुसऱ्या फ्रेममध्ये जमीन पुढे गेलेली आणि रॉजरचा पाय मात्र जुन्याच जागी राहिलेला असे. म्हणून चोवीसच्या चोवीस चित्रं काढावी लागली. चित्र चिकटवण्याचं सारं काम माणसाच्या नजरेने केलं.

आज तेच काम संगणक करतो. मात्र त्याची पद्धत अ‍ॅनिमेशनच्या टेबलावर जन्मली नाही, असं मला ठामपणे वाटतं. तिचं मूळ इमारतींच्या मोजणीत आहे. १८५८ साली आल्ब्रेख्त मायडेनबाउअर हा तरुण जर्मन स्थापत्यकार वेत्झलरच्या चर्चची मापं घेत होता. मापं घेताना तो उंचावरून पडता पडता वाचला. भिंतीवर न चढता फोटोवरूनच मापं काढता येतील, हे त्याच्या मनाने तेव्हा घेतलं. एकच कोपरा दोन ठिकाणांहून टिपला, तर दोन्ही फोटोंतून निघणाऱ्या दृष्टिरेषा त्या कोपऱ्यापाशीच एकमेकींना भेटतात. दोन्ही जागा ठाऊक असतील तर कोपरा सापडतो. असे पुरेसे कोपरे जुळले, तर उलट दिशेनेही जाता येतं आणि फोटो कुठून काढला ते कळतं.

सिनेमाला हवं होतं ते नेमकं हेच, कारण चालत्या कॅमेऱ्याची प्रत्येक फ्रेम म्हणजे नव्या जागेवरून काढलेला फोटोच. अडचण होती ती शेकडो फ्रेममध्ये तेच कोपरे ओळखण्याची. ब्रूस लुकस आणि ताकेओ कानादे यांनी १९८१ साली मांडलेली एक रीत त्यासाठी उपयोगी पडली. कोपऱ्याभोवतीचा छोटा चौकोन घ्यायचा आणि पुढच्या चित्रात तो कुठे सरकवला म्हणजे उजेड-सावलीतला फरक सर्वांत कमी होतो, ते गणिताने शोधायचं. त्यांच्या निबंधातही या रीतीचा उपयोग दोन चित्रांवरून अंतर काढण्यासाठीच दाखवला होता. पुढे २००१ साली ऑक्सफर्डमधून 'बुजू' हे सॉफ्टवेअर आलं. ते कोपरे आपणहून निवडी आणि कॅमेऱ्याची वाटही शोधून देई.

समजा, फरशीच्या अंगणातून हातात कॅमेरा घेऊन दहा सेकंद चाललो. २४० फ्रेम झाल्या. फरशीचे कोपरे, पायरीची कड, भिंतीवरचा पोपडा हे उत्तम बिंदू. कोऱ्या भिंतीचा मधला भाग निरुपयोगी, कारण तिथला चौकोन कुठेही सरकवला तरी सारखाच दिसतो. सर्वांत फसवी जागा म्हणजे जवळच्या फांदीने दूरच्या विजेच्या खांबाला छेदल्यासारखं दिसतं ती. पडद्यावर तो छेद ठसठशीत कोपरा वाटतो, पण प्रत्यक्षात तिथे बिंदूच नसतो. आपण चाललो की तो छेद खांबावरून वर-खाली सरकतो. असे दोन-तीन बिंदू राहिले तरी सगळा हिशेब वाकडा होऊ शकतो.

हिशेब बरोबर आहे का, हे सॉफ्टवेअर पिक्सेलमध्ये सांगतं: काढलेल्या वाटेवरून प्रत्येक बिंदू जिथे दिसायला हवा आणि जिथे खरोखर दिसतो, त्यातलं सरासरी अंतर. ते एका पिक्सेलच्या बरंच खाली हवं. तरी नुसत्या आकड्यावर विसंबू नये. फरशीवर एक साधा ठोकळा ठेवून सगळं दृश्य चालवून पाहावं. ठोकळ्याचा तळ फरशीच्या सांध्यापासून सुटला, तर उद्या तिथे उभ्या राहणाऱ्या पात्राचे पायही सुटणार.

एका ठिकाणी मात्र हे गणित हतबल होतं. कॅमेरा तिपाईवर एकाच जागी फिरवला, तर सगळ्या फ्रेम एकाच ठिकाणाहून घेतलेल्या असतात. दृष्टिरेषा एकाच टोकातून निघाल्यामुळे त्या बिंदूपाशी एकमेकींना छेदत नाहीत आणि कोणता कोपरा जवळ, कोणता दूर, हे कळायला मार्गच उरत नाही. आकाशात उडता पक्षी बसवायचा असेल तर दिशा कळली तरी भागतं. जमिनीवर चालणारं पात्र हवं असेल, तर चित्रीकरणाच्या वेळीच कॅमेऱ्याने बाजूला दोन पावलं टाकलेली बरी.