बीजीपी : धोरणाधारित मार्गनिवड

इंटरनेट हे वेगवेगळ्या मालकांच्या हजारो जाळ्यांचे जाळे आहे. ही जाळी सीमेवरच्या राउटरमधून एकमेकांना ‘अमुक पत्ते माझ्यामार्फत गाठता येतील’ अशी वर्दी देतात. ही वर्दी देण्याघेण्याच्या नियमांना बॉर्डर गेटवे प्रोटोकॉल, रूढ भाषेत बीजीपी, म्हणतात. एका मालकाच्या ताब्यातील जाळ्याला स्वायत्त प्रणाली किंवा थोडक्यात एएस अशी संज्ञा असून प्रत्येक एएसला एक क्रमांक असतो. एएसच्या आत मार्ग ठरवणारे ओएसपीएफसारखे नियम प्रत्येक दुव्याला खर्चाचा आकडा लावतात आणि ज्या मार्गाची बेरीज सर्वांत कमी तो घेतात. सगळे दुवे एकाच मालकाचे असल्यामुळे तिथे हे जमते. दोन मालकांमध्ये मात्र खर्चाचे सामाईक माप नसते, आतले दुवे कोणी कोणाला दाखवत नाही आणि एकाला सोयीचा मार्ग दुसऱ्याला तोट्याचा असू शकतो. म्हणून बीजीपीमध्ये अंतरापेक्षा मालकाच्या धोरणाला आधी विचारले जाते.

इतिहास : पहिली आवृत्ती कर्क लॉहीड व याकोव्ह रेख्टर यांनी १९८९ मध्ये मांडली, सध्याच्या चौथ्या आवृत्तीचा प्रमाण दस्तऐवज आरएफसी ४२७१ (जानेवारी २००६) हा आहे.

निवडीचा क्रम : एकाच पत्तेगटाकडे जाणारे अनेक मार्ग आले, तर राउटर त्यांची ठरावीक क्रमाने तुलना करतो. पहिली कसोटी ‘लोकल प्रेफरन्स’ या आकड्याची असते. हा आकडा जाळ्याचा मालक स्वतः लावतो, तो जाळ्याबाहेर सांगितला जात नाही, आणि ज्या मार्गाचा आकडा मोठा तो जिंकतो. आकडे सारखे निघाले तरच एएस-मार्गाची लांबी पाहिली जाते. ही लांबी म्हणजे वाटेतल्या एएसची संख्या. तिच्यात किलोमीटर नाहीत, वेळही नाही. दोन एएसचा मार्ग समुद्र ओलांडून जाऊ शकतो आणि चार एएसचा मार्ग मुंबईतल्या मुंबईत संपू शकतो. त्यानंतरच्या कसोट्यांपैकी, आपल्या जाळ्यातून लवकरात लवकर बाहेर पडण्याचे ठिकाण निवडणे ही उल्लेखनीय आहे. ही सगळी तुलना समान पत्तेगटापुरती असते. अधिक नेमक्या, म्हणजे लहान पत्तेगटाची वर्दी आली, तर पॅकेट तिच्याच मागे जाते. तिथे लोकल प्रेफरन्सचाही इलाज चालत नाही.

धोरणामागचे व्यवहार : दोन जाळ्यांमध्ये मुख्यतः दोन प्रकारची नाती असतात. एकात ग्राहक पुरवठादाराला पैसे देतो आणि त्याच्यामार्फत सगळे इंटरनेट गाठतो. याला ट्रान्झिट म्हणतात. दुसऱ्यात दोन जाळी आपापल्या ग्राहकांची वाहतूक बहुधा पैसे न घेता एकमेकांना देतात, हे पिअरिंग. यातून दोन नियम निघतात. पहिला निवडीचा : ग्राहकाकडून आलेला मार्ग सर्वांत वरचा, कारण त्यावरून वाहतूक पाठवली की पैसे मिळतात, त्याखाली पिअरचा, पुरवठादाराचा सर्वांत शेवटी. एखादे जाळे यांना अनुक्रमे ३००, २०० आणि १०० असे आकडे देईल. दुसरा नियम वर्दीचा : ग्राहकांचे मार्ग सर्वांना सांगावेत; पिअर आणि पुरवठादार यांच्याकडून कळलेले मार्ग फक्त ग्राहकांना सांगावेत. तसे न केल्यास दोन परक्या जाळ्यांची वाहतूक आपण फुकट वाहून नेऊ लागतो.

लिक्सिन गाओ व जेनिफर रेक्सफर्ड यांनी २००१ मध्ये दाखवून दिले, की सर्वांनी हे नियम पाळले आणि ग्राहक-पुरवठादारांची साखळी फिरून स्वतःवर आली नाही, तर कोणत्याही मध्यवर्ती समन्वयाशिवाय मार्ग स्थिरावतात. या विषयातील हा सर्वांत मोलाचा निष्कर्ष होय. प्रत्यक्षात सगळी जाळी हे नियम तंतोतंत पाळत नाहीत. अपवादांचे प्रमाण किती, याबाबत एकवाक्यता नाही.

राखीव दुव्याची अडचण : दोन पुरवठादार असलेला ग्राहक राखीव दुव्याकडची वाहतूक टाळण्यासाठी त्या बाजूच्या वर्दीत स्वतःचा एएस क्रमांक तीन-चार वेळा लिहून मार्ग लांब दाखवतो. तरीही राखीव पुरवठादार त्याच दुव्याने वाहतूक पाठवत राहतो, कारण त्याच्या लेखी तो ग्राहकाचा मार्ग आहे आणि लांबीची कसोटी येण्यापूर्वीच निकाल लागलेला असतो. यावरचा उपाय आरएफसी १९९८ (ऑगस्ट १९९६) मध्ये आहे : ग्राहकाने वर्दीला ‘कम्युनिटी’ ही खूण जोडावी आणि ती पाहून पुरवठादाराने लोकल प्रेफरन्स खाली आणावा. पुरवठादार कोणत्या खुणा मानतो, हे आधी विचारून घ्यावे लागते.

मार्गगळती, १२ मार्च २०१५ चे उदाहरण : वर्दीचा नियम मोडला, की त्याला मार्गगळती म्हणतात. हॅथवे (एएस १७४८८) या मुंबईच्या ब्रॉडबँड कंपनीचे गूगलशी (एएस १५१६९) पिअरिंग होते, आणि भारती एअरटेल (एएस ९४९८) हा तिचा ट्रान्झिट पुरवठादार होता. त्या दिवशी भारतीय वेळेनुसार दुपारी २.२८ पासून हॅथवेने गूगलचे तीनशेहून अधिक पत्तेगट एअरटेलला सांगितले. पिअरकडून कळलेले मार्ग पुरवठादाराकडे जायलाच नको होते. एअरटेलच्या दृष्टीने मात्र ते ग्राहकाकडून आलेले मार्ग होते, आणि ग्राहकाचे मार्ग सर्वांना सांगायचे असतात. म्हणून एअरटेलने ते पुढे दिले. कोजेंट, लेव्हल थ्री, फ्रान्सची ऑरेंज, सिंगटेल व पाकिस्तान टेलिकॉम यांनी ते स्वीकारले आणि जगभरच्या अनेकांना काही काळ गूगलच्या सेवा मिळेनाशा झाल्या. मार्गाचा शेवटचा भाग असा होता :

```
9498 17488 15169
```

एखाद्या जाळ्याचे गूगलशी थेट पिअरिंग असेल, तर त्याच्यासाठी थेट मार्गाची लांबी एक आणि या मार्गाची तीन. एअरटेल त्या जाळ्याची ग्राहक असेल, तर तरीही हा लांब मार्गच निवडला जाईल, कारण ३०० हा आकडा २०० हून मोठा आहे. पुढे परदेशातली वाहतूक एका भारतीय ब्रॉडबँड कंपनीच्या दुव्यावर येते, दुवा तुंबतो आणि पॅकेटे गळतात. त्याच वर्षी १२ जूनला टेलिकॉम मलेशियाने सुमारे १,७९,००० पत्तेगट लेव्हल थ्रीला सांगितले, तेव्हाही असेच घडले.

गळती ओळखण्याची खूण मार्गातच असते : दोन मोठ्या जाळ्यांच्या मधोमध एक लहान जाळे. ओरेगन विद्यापीठाचा राउटव्ह्यूज आणि युरोपातील राइप संस्थेचा आरआयएस या संग्रहांत अशा नोंदी मागाहूनही तपासता येतात.

प्रतिबंध : पत्तेगटाचा मूळ मालक तपासणारी आरपीकेआय पद्धत इथे उपयोगी पडत नाही, कारण मार्गाच्या शेवटी १५१६९ हा खरा मालकच आहे. पुरवठादाराला ग्राहकाकडून येणाऱ्या पत्तेगटांच्या संख्येवर मर्यादा घालता येते, तसेच ग्राहकाकडून आलेल्या ज्या वर्दीत एखाद्या बड्या जाळ्याचा क्रमांक आहे ती नाकारता येते.

मे २०२२ च्या आरएफसी ९२३४ ने ‘ओन्ली टू कस्टमर’ ही खूण आणली. वरील उदाहरणात गूगलने हॅथवेला वर्दी देताना ती लावली असती, तर हॅथवेच्या राउटरला तिचा अर्थ कळला नसता तरी ती वर्दीबरोबर एअरटेलपर्यंत पोचली असती. एअरटेलच्या राउटरला हा नियम ठाऊक असता, तर ग्राहकाकडून आलेल्या मार्गावर ही खूण दिसताच त्याने तो मार्ग बाद केला असता.