भ्रष्टाचार-मापन : धारणा व अनुभव

भ्रष्टाचाराविषयीचे तज्ज्ञमत आणि नागरिकांनी प्रत्यक्ष दिलेली लाच यांची तुलना करणारी शासनव्यवहार-अभ्यासातील पद्धती. ट्रान्सपरन्सी इंटरनॅशनल या संस्थेचा धारणा निर्देशांक (१९९५ पासून) तज्ज्ञ व उद्योजकांच्या मतांवर आधारलेला असून २०१२ पासून तो ० ते १०० गुणांत देतात. अधिक गुण म्हणजे कमी भ्रष्टाचार. याच संस्थेच्या ‘बॅरोमीटर’ पाहणीत (२००३ पासून) नागरिकांना वर्षभरात पोलीस, रुग्णालय, ओळखपत्र अशा सेवांसाठी लाच दिली का, हे विचारतात (→ नमुना पाहणी). २०२० मध्ये भारताला ४० व कंबोडियाला २१ गुण होते; लाच देणारे सेवाग्राहक मात्र अनुक्रमे ३९ व ३७ टक्के. निर्देशांकाचा रोख मोठ्या व्यवहारांकडे, पाहणीचा किरकोळ चिरीमिरीकडे असतो. निविदांमधील संगनमत पाहणीत येत नाही (→ लाचलुचपत). भीतीपोटी लाच लपवली गेल्यास टक्केवारी घटते.