‘द्या ना हो’ची कुळकथा

सोसायटीच्या खजिनदाराने थकलेला मेंटेनन्स मागायला मोबाइल हातात घेतला की त्याच्यापुढे चार वाक्ये उभी राहतात. ‘थकबाकी द्या.’ ‘थकबाकी द्या ना.’ ‘थकबाकी द्या हो.’ ‘थकबाकी द्यावी.’ पहिल्यात हुकूम आहे, दुसऱ्यात लाडीगोडी, तिसऱ्यात काकुळती आणि चौथ्यात कचेरी. गंमत अशी की, पुढच्या तिन्हींत मऊपणा आणणारे शब्द सौजन्यासाठी जन्मलेच नव्हते. ‘हो’ ही मुळात हाक, ‘ना’ हा नकार आणि ‘द्यावी’मधला ‘वी’ तर चक्क बंधन.

हाकेपासून सुरुवात करू. बाराव्या शतकात गुजरातेत हेमचंद्राने जे व्याकरण रचले, त्यात अपभ्रंश भाषेचे नियमही दिले आहेत. अनेकांना एकदम हाक मारायची तर नामाला ‘हो’ लावावा, असा त्यातला एक नियम. मराठी वक्ता आजही ‘मित्रहो’, ‘लोकहो’, ‘श्रोतेहो’ म्हणून भाषण सुरू करतो, तेव्हा तो तोच नियम पाळत असतो. पुढे आपण एकाच माणसाला आदराने ‘तुम्ही’ म्हणू लागलो आणि अनेकांची हाक त्या एका माणसाच्या वाट्याला आली. म्हणून ‘या हो’, पण ‘ये रे’ आणि ‘ये गं’. तिन्ही शब्द एकाच जागी बसतात आणि समोरचा कोण आहे ते सांगतात. नातवाला ‘जपून जा हो’ म्हणणारी आजी या नियमाला जुमानत नाही, हे खरे. पण तिचा ‘हो’ हाकेचा नाही, ‘बरं का’च्या जवळचा आहे.

हाक असल्यामुळे ‘हो’चे सगळे नशीब त्याच्या जागेवर ठरते. वाक्याच्या शेवटी तो विनवतो: ‘एवढं बघा हो.’ प्रश्नवाचक शब्दाच्या मागे गेला की तोच भांडायला उठतो: ‘काय हो, पैसे कधी देणार?’ खजिनदाराने हे दुसरे वाक्य कितीही मवाळ मनाने लिहिले तरी वाचणाऱ्याला कंबरेवर हात ठेवलेला माणूसच दिसणार.

‘होय’ दिसायला ‘हो’चा सख्खा भाऊ, पण त्याचे घराणे वेगळे. संस्कृत ‘भवति’, प्राकृत ‘होइ’, मराठी ‘होय’. म्हणजे हे ‘आहे’, ‘होते’ अशा अर्थाचे अख्खे क्रियापद. ‘नव्हे’मध्ये ते ‘न’च्या पाठीशी लपून बसलेले दिसते. होकार देताना आपण जो ‘हो’ म्हणतो तो या ‘होय’चाच आखूड अवतार, ‘या हो’मधल्या हाकेशी त्याचा संबंध नाही. विनंती मऊ करायला मात्र ‘होय’ फारसा कामाचा नाही, असे माझे मत. ‘देताय ना?’ हा प्रश्न आशेचा आहे, ‘देताय होय?’ हा संशयाचा. ‘असं होय!’मध्येही तेच, बोलणाऱ्याला काहीतरी उशिरा कळलेले असते. होयला मागणे जमत नाही. त्याला मान्य करणे जमते, नाहीतर भुवया उंचावणे.

खरा कसबी तो ‘ना’. नकाराचा शब्द आर्जवाचा कसा झाला, हे कोडे ‘येणार ना?’ या प्रश्नात उलगडते. बोलणारा होकार गृहीत धरतो, पण नकारही समोर मांडून ठेवतो: येणार, की ना? ऐकणाऱ्याला नाही म्हणायची वाट उघडी राहते आणि ती उघडी आहे म्हणूनच त्याला हो म्हणणे सोपे जाते. प्रश्नातला हा ‘ना’ मग आज्ञेच्या शेपटाला लागला, ‘ये ना’. मूळ प्रश्न गळला, पण मोकळी वाट तशीच राहिली. ही युक्ती फार जुनी आहे. संस्कृतातला ‘ननु’ असाच ‘न’पासून बनलेला, आणि अमरकोशाने त्याच्या अर्थांत प्रश्नाबरोबर अनुनयही नोंदवला आहे. अनुनय म्हणजे मनधरणीच. गुजरातीत ‘आवो ने’ म्हणतात, विदर्भात ‘ये नं’ म्हणतात. कोल्हापुरात मात्र हे काम ‘की’ करतो: ‘या की’, ‘बसा की’.

‘ना’ आणि हाक एकत्र आले की क्रम ठरलेला. ‘सांगा ना हो’, ‘सांग ना गं’. ‘सांगा हो ना’ कानाला खटकते, कारण ‘ना’ क्रियापदाला चिकटतो आणि हाक सगळ्यांच्या बाहेर, काठावर उभी राहते.

आता लिहिण्याचे. जुन्या मराठी पत्रांत ही मंडळी जवळजवळ भेटत नाहीत. तिथे ‘कळावे’, ‘लोभ असावा ही विनंती’, ‘उत्तर पाठवावे’ यांचे राज्य. या ‘आवे’चे मूळ संस्कृत ‘तव्य’: कर्तव्य, म्हणजे जे केलेच पाहिजे ते. त्यातूनच ‘करावे’ आले. कर्तव्याची भाषा विनंतीची कशी झाली? मला वाटते, त्याचे कारण वाक्याच्या घडणीत आहे. ‘तुम्ही उत्तर पाठवा’मध्ये बोट तुमच्याकडे आहे. ‘उत्तर पाठवावे’मध्ये क्रियापद उत्तराशी जुळते आणि पाठवणारा पडद्याआड जातो. कुणाचे नाव न घेता काम तेवढे पुढे ठेवले, की मागणे सभ्य होते. कागदाला त्यामुळे ‘ना’ची गरजच पडली नाही. हरिभाऊ आपट्यांनी ‘पण लक्षात कोण घेतो?’मध्ये यमूला स्वतःच्या तोंडाने गोष्ट सांगायला लावली, तशी घरातली बोली कादंबरीत आली. पण कामाच्या पत्रात तिला मज्जाव होता.

तो मोबाइलने उठवला. आपण आता लिहितो ते खरे तर बोलणेच, पण आवाजाविना, आणि घोळ तिथेच होतो. ‘ना’चे सगळे मार्दव त्याच्या हेलात असते. तो लांबवला तर विनवणी, तोडून टाकला तर वैताग. ‘पाठवा ना’ या दोन शब्दांत हेल कुठे आहे? छापील मराठी त्यासाठी अवग्रह वापरते, ‘नाऽ’. फोनवर तो सापडेपर्यंत माणूस पुढचा संदेश टाकतो. आधी दोनदा मागून झाले असेल, तर तिसऱ्या वेळचा ‘द्या ना’ वाचणारा हमखास वैतागाचाच धरतो. हाताखालच्या माणसाला साहेबाने लिहिलेल्या ‘पाठवा ना’चेही तेच होते. नाही म्हणायची वाट तिथे नसतेच, त्यामुळे लाडीगोडी टोमण्यासारखी वाचली जाते.

‘ना’ सोडू नये, त्याला प्रश्नात परत न्यावे. ‘द्या ना’ऐवजी ‘द्याल ना?’ लिहिले, की प्रश्नचिन्ह हेलाचे काम करते आणि जुनी मोकळी वाट पुन्हा दिसू लागते. ज्याच्याशी ओळख जेमतेम आहे, त्याला ‘द्याल का?’ बरे, कारण ‘ना’ होकार गृहीत धरतो आणि तेवढी सलगी प्रत्येकाशी नसते. ‘हो’ मात्र लेखी मागण्यात जपून वापरावा, त्यात मागणारा स्वतःच लहान होतो. आमच्या खजिनदाराने शेवटी लिहिले: ‘मार्चची थकबाकी या आठवड्यात द्याल ना? हिशेब बंद करायचा आहे.’ तळमजल्यावरच्या फलकावर त्याने ‘थकबाकी 10 तारखेपूर्वी भरावी’ असे लावले. तिथे ‘भरावी’तली विनंती कुणालाच दिसली नाही. फलकावर चढताच ‘तव्य’ आपल्या मूळ धंद्यावर परत गेला होता.